शोधणारा आणि न शोधणारा

श्रोतेहो, नमस्कार.

वॉशिंग मशीनचा पाणी बाहेर सोडणारा पाइप फाटला की माणूस आधी फरशी पुसतो आणि मग मोबाइलवर मशीनचं मॉडेल टाकून पाइप शोधतो. त्याला आता काही पटवायचं उरलेलं नसतं. पाइप मापाचा आहे का आणि कधी पोचेल, एवढंच त्याला हवं असतं. असा पाइप विकत असाल तर पैसे सर्च जाहिरातीत घाला. सोशल मीडियावर पाइपचा कितीही देखणा फोटो टाका, ज्याचं मशीन नीट चाललंय तो अंगठ्याने पुढे सरकणारच.

आता तोच विक्रेता दुसरी वस्तू आणतो: मशीनखाली ठेवायची चकतीएवढी घंटी, पाणी लागलं की किंचाळणारी. वस्तू कामाची, पण असं काही मिळतं हेच लोकांना ठाऊक नाही. मग ते शोधणार तरी कसे?

इथे एक चूक हमखास होते. मीही केली आहे. वस्तूचं नाव कोणी टाइप करत नाही, म्हणून सर्च जाहिरातीसाठी ‘पाणी गळती’सारखे जवळचे शब्द घ्यायचे, म्हणजे ते टाइप करणाऱ्याला आपली जाहिरात दिसेल. क्लिक येतात, आणि वाटतं, जमलं! अशा वेळी गुगल ॲड्समधला सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा. आपण कोणते शब्द घेतले ते सोडा, लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते त्यात दिसतं. समजा शंभर क्लिकांपैकी ऐंशी ‘गळती दुरुस्ती’ आणि ‘प्लंबर’वाले निघाले. त्यांच्या घरात पाणी आधीच साचलंय, त्यांना घंटी काय सांगणार? हे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून वगळता येतात. पण वगळत गेल्यावर हाती जवळजवळ काहीच उरलं नाही, तर समजा की या वस्तूला अजून शोधणारेच नाहीत.

तिला हवा व्हिडिओ. कोरडी फरशी, मशीनखालून सरकत येणारी पाण्याची बारीक धार, चकतीला स्पर्श आणि कर्कश आवाज. पाणी पहिल्या दोन-तीन सेकंदांतच दिसू द्या, लोगो नंतर.

एक गोम मात्र आहे. व्हिडिओ पाहणारा बऱ्याचदा लगेच घेत नाही. चार दिवसांनी तो ब्रँडचं नाव गुगलवर टाकतो, आपल्याच सर्च जाहिरातीवर क्लिक करतो आणि ऑर्डर देतो. शेवटच्या क्लिकला श्रेय देणाऱ्या हिशोबात ही कमाई सर्चच्या खात्यात जाते. मालक म्हणतो, व्हिडिओ बंद करा. काही आठवड्यांत नावाने शोधणारेही आटतात.

म्हणून नावाने येणाऱ्या शोधांची मोहीम वेगळी ठेवा. एका भागात व्हिडिओ चालू ठेवा, तशाच दुसऱ्या भागात महिनाभर बंद ठेवा आणि दोन्हीकडच्या एकूण ऑर्डरी मोजा, कुठूनही आलेल्या असोत. पुढे कधी लोक तुमचं नाव न घेता नुसतं ‘गळतीची घंटी’ टाइप करू लागले, तर तेव्हा थोडं बजेट सर्चकडे वळवा. तोवर त्या शब्दांवर बोली लावणारे आणखी दोघे-तिघे आलेले असतील.