वाकड्या वावराचं क्षेत्र टेपनं कसं काढायचं

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घेऊन बसा, कारण आज एक आकृती तुम्हाला स्वतःच काढावी लागणार आहे.

नाशिक जिल्ह्यात नाल्याकाठचं, टेकडीच्या पायथ्याचं वावर चौकोनी असेलच असं नाही. तरी गावोगाव हिशोब मात्र एकच चालतो: समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढा आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करा. वावर काटकोनी असलं तरच हे बरोबर येतं, नाहीतर उत्तर नेहमी जास्तच निघतं. सैल झालेली बाज आठवा. ती कलली तरी चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण आतली जागा आवळते. चारही बांध ५० मीटरचे आणि कर्ण ६० व ८० मीटरचे असतील, तर सरासरी सांगते २५०० चौरस मीटर, आणि खरं क्षेत्र असतं २४००. एक अख्खा आर हवेतला! म्हणून नुसते बांध मोजून भागत नाही, वावराच्या आत शिरावं लागतं.

आता दिंडोरीकडचा द्राक्षाचा एक मळा कल्पनेत घ्या. त्याला सहा कोपरे आहेत. एका टोकाला आंबा, दुसऱ्या टोकाला विहीर. आंब्यापासून विहिरीपर्यंत सुतळी ताणा. लांबी १२० मीटर. हीच आपली पायारेषा. टेप तीस मीटरचा असेल तर मध्ये बांबू रोवा आणि एका टोकाला उभं राहून ते एका ओळीत दिसतात ना ते पाहा.

रस्त्याच्या बाजूला दोन कोपरे आहेत. प्रत्येकापासून पायारेषेवर लंब टाकायचा. त्याला सोपी युक्ती आहे. टेपचं शून्य कोपऱ्यावर धरा आणि दुसरं टोक सुतळीवरून डावी-उजवीकडे फिरवा. जिथे आकडा सर्वांत कमी येईल, तिथे लंब. तिथेच खुंटी ठोका. समजा पहिली खुंटी आंब्यापासून ३० मीटरवर आली आणि लंब निघाला २४ मीटर. दुसरी ८० मीटरवर, लंब ३६.

आता या बाजूचे तीन तुकडे झाले. आंब्याकडचा त्रिकोण: ३० गुणिले २४, त्याचं निम्मं, ३६०. विहिरीकडचा: ४० गुणिले ३६, निम्मं, ७२०. मधल्या तुकड्याची एक बाजू २४, दुसरी ३६. त्यात ५० बाय २४ चा आयत १२०० आणि वर उरलेला ५० बाय १२ चा त्रिकोण ३००. एकूण २५८०.

नाल्याच्या बाजूला खुंट्या ५० आणि ९० मीटरवर, लंब २८ आणि २०. याच रीतीनं ७००, ९६० आणि ३०० मिळून १९६० येतात. दोन्ही बाजू मिळून ४५४० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत ४५.४० आर. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, साधारण १०१.१७ चौरस मीटरचा. त्यामुळे गुंठे ४४.८७, म्हणजे एक एकर आणि पाच गुंठ्यांना किंचित कमी.

चूक होते ती बहुधा लंबात. ३६ मीटरच्या लंबाची खुंटी ८० ऐवजी ८५ वर ठोकली गेली, तर लंब फक्त ३५ सेंटिमीटरनं वाढतो, म्हणून शंका येत नाही. क्षेत्र मात्र सुमारे ७६ चौरस मीटरनं फुगतं, पाऊण गुंठा! शंका आली तर खुंटीपासून सुतळीवर ३ मीटर आणि लंबावर ४ मीटर मोजा. तिरकं अंतर पाचच यायला हवं.

नाल्याचा काठ नागमोडी असेल, तर पायारेषेवर दर पाच मीटरला काठापर्यंत लंब घ्या. लहान-लहान बाक मात्र देण्याघेण्यात बसवा, एवढंसं बाहेर राहिलं तर एवढंसं आत घ्या. त्र्यंबक, पेठकडच्या उतारावर टेप जमिनीला चिकटवू नका. क्षेत्र आडवं मोजतात. जमिनीला चिकटलेल्या टेपच्या ३० मीटरला ६ मीटर उतार असेल, तर टेप ६१ सेंटिमीटर जास्त दाखवतो. तुकड्या-तुकड्यानं, टेप आडवा ताणून मोजा.

खत, ठिबक, मजुरीचा अंदाज यासाठी हे पुरेसं आहे. हद्दीचा वाद असेल तर मात्र भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

आणि टेप गुंडाळण्याआधी रस्त्याकडच्या दोन कोपऱ्यांमधला बांध प्रत्यक्ष मोजा. आपल्या आकड्यांनुसार तो ५१.४ मीटर यायला हवा: ५० चा वर्ग अधिक १२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. तिथे ५३ भरले, तर दोनपैकी एक खुंटी चुकलीय. घरी जाऊन गणित तपासत बसू नका, लगेच सुतळीवर परत जा.