पाय जमिनीत का जातो? ग्राफ एडिटरमधला ओव्हरशूट

आज मी ॲनिमेशनमधला एकच कर्व्ह घेऊन बसणार आहे, चालणाऱ्या कॅरेक्टरच्या उजव्या पायाचा ट्रान्सलेट वाय, म्हणजे पाय जमिनीपासून किती वर आहे ते सांगणारा. त्यावर मी ठरवून दिलेले बिंदू, म्हणजे कीज, असे: फ्रेम ५ ला ०, फ्रेम ९ ला ८ सेंटिमीटर वर, १३ ला परत ०, मग २५ पर्यंत पाय जमिनीवर टेकलेला, आणि २९ ला पुन्हा ८. माया या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कीजना स्प्लाइन टँजंट लावलाय; कर्व्ह कीमधून कोणत्या उताराने जाईल ते टँजंट ठरवतो. कीज बरोबर आहेत, एकही आकडा चुकीचा नाही, पण प्ले केलं की १३ ते २५ मध्ये पाय फरशीच्या आत जातो आणि परत वर येतो. कर्व्ह असा कीच्या व्हॅल्यूपलीकडे निघून जातो, तो ओव्हरशूट.

असं का होतं ते नीट बघा. स्प्लाइनला कर्व्ह गुळगुळीत हवा असतो, म्हणून तो १३ वर हँडल, म्हणजे कर्व्हचा उतार दाखवणारी दांडी, बसवताना आजूबाजूच्या दोन कीज बघतो, ९ आणि २५. ८ वरून ० वर, १६ फ्रेममध्ये, म्हणजे उतार साधारण दर फ्रेमला अर्धा सेंटिमीटर खाली. आता १३ वर येणारा कर्व्ह खालीच निघालेला आहे, तो तिथे अचानक थांबू शकत नाही, शून्याच्या खाली घसरतो. २५ ला याच्या उलट, तिथे हँडल वर तोंड करून आहे, म्हणून कर्व्हला त्याआधी खालूनच यावं लागतं. दोन्ही मिळून मधोमध, फ्रेम १९ ला, पाय दीड सेंटिमीटर आत. दोन्ही टोकांना तेवढाच उतार असेल तर अशा खाली लोंबलेल्या झोळीचा हिशोब सोपा आहे: उतार गुणिले दोन कीजमधलं अंतर, भागिले ४. इथे ०.५ गुणिले १२ म्हणजे ६, त्याचा चौथा भाग दीड. म्हणूनच उतार तोच ठेवून ४ फ्रेमच्या गॅपमध्ये झोळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, नजरेतून सुटते, आणि लांब होल्डमध्ये, म्हणजे पाय बराच वेळ स्थिर असतो तिथे, तीच चूक ओरडून दिसते.

यावर बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात, तर १९ वर आणखी एक की टाकतात, व्हॅल्यू ०. मीसुद्धा कितीतरी दिवस हेच करायचे. पण त्याने १३ चा शेजारी बदलला ना, आता तो २५ ऐवजी १९ झाला, उतार ०.५ वरून ०.८ झाला, म्हणजे हँडल अजून तिरकं! एका झोळीच्या जागी दोन झाल्या, १५ आणि २३ च्या आसपास, प्रत्येकी सुमारे ०.७ सेंटिमीटर. मग त्या दाबायला अजून कीज, आणि कर्व्ह असा होतो की टायमिंग एका फ्रेमने सरकवायचं म्हटलं तरी दहा कीज उचलाव्या लागतात.

दुसरा उपाय फ्लॅट किंवा प्लॅटो, हे टँजंट इथे हँडल आडवं करतात. होल्ड लगेच सरळ होतो, ओव्हरशूट गेला. ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो क्लॅम्प्डही टोकाच्या कीजवर हँडल असंच आडवं करतो. पण आता पाय टेकण्याच्या क्षणाकडे बघा. फ्लॅट दोन्ही बाजूंना लागलाय, म्हणजे १३ च्या आधीही, त्यामुळे फ्रेम १२ ला पाय जमिनीपासून फक्त सव्वा सेंटिमीटरवर असतो आणि हळूच टेकतो. फुग्यावरून चालल्यासारखं वाटतं, कॅरेक्टरला वजनच राहत नाही. आत जाणारा पाय सगळ्यांना दिसतो, पण हे वजन गेलेलं पटकन दिसत नाही, म्हणून मला ही चूक जास्त वाईट वाटते.

मग करायचं काय, तर १३ वर टँजंट तोडायचा. ब्रेक टँजंट्स करून आत येणारं हँडल लिनिअर, म्हणजे थेट मागच्या कीच्या दिशेने सरळ, आणि बाहेर जाणारं फ्लॅट. आता फ्रेम १२ ला पाय जवळपास २.४ सेंटिमीटरवर असतो, पुढच्याच फ्रेमला धपकन जमिनीवर, आणि १२ फ्रेम तिथेच. २५ वर आत येणारं फ्लॅट, बाहेर जाणारं तुम्हाला पाय किती झटक्यात उचलायचाय त्यावर. ब्लेंडरमध्ये की निवडून V दाबा आणि फ्री घ्या, मग दोन्ही हँडल वेगवेगळी फिरतात. कर्व्हला तिथे कोपरा दिसेल, त्याला घाबरू नका, पाय जमिनीवर आपटतो तेव्हा वेग खरंच एकदम तुटतो, कोपरा तिथलाच आहे. पण हेच कंबरेच्या कर्व्हवर करू नका हं, तिथे कोपरा म्हणजे सरळ झटका.

मायातल्या क्लॅम्प्डबद्दल एक सांगून ठेवते, कारण नावामुळे फसायला होतं. शेजारच्या दोन कीजची व्हॅल्यू जवळजवळ सारखी असेल तरच तो मधला भाग सरळ करतो, बाकी ठिकाणी तो स्प्लाइनच असतो. म्हणजे आपला होल्ड वाचतो, पण हात ० वरून ४० वर, मग ४५ वर आणि तिथून खाली येतोय, तर तो ४५ च्या पुढे जाऊ शकतो.

शोधायचं कसं? कर्व्हचं सर्वात वरचं किंवा खालचं टोक जिथे आहे तिथे की आहे का बघा. टोक आहे आणि की नाही, तर ते सॉफ्टवेअरने काढलंय, तुम्ही नाही. शेपटी किंवा हात थोडा पुढे जाऊन परत यायला हवा असेल तर त्या टोकावर स्वतः की टाका, फ्रेम आणि व्हॅल्यू दोन्ही तुमच्या हातात राहतात. आणि कीज सरकवल्या की हे परत तपासा, कारण ऑटो आणि स्प्लाइनची हँडल शेजारी हलला की आपोआप बदलतात.