बायोडाटा पुढे पाठवण्याची विनंती: एका छोट्या ईमेलची घडण

श्रोतेहो, नमस्कार.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीचे काम करणारा एक तरुण मध्यंतरी माझ्याकडे आला होता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता अभियंत्याची जागा निघाली होती आणि त्याचे पूर्वीचे वरिष्ठ आता तिथेच उत्पादन विभागात होते. त्यांना पाठवायचा ईमेल त्याने मोबाइलवर लिहून ठेवला होता: “सर, मी नोकरीच्या शोधात आहे. बायोडाटा सोबत जोडला आहे. आपल्या कंपनीत माझ्यासाठी काही असेल तर कृपया पाहावे, कोणतेही काम चालेल.”

“कोणतेही काम चालेल” हे आपल्याकडे नम्रतेने म्हटले जाते, पण वाचणाऱ्यावर त्याचा भार पडतो. कोणती जागा, कोणता विभाग, हा मुलगा तिथे का योग्य ठरतो, हे सारे त्या साहेबांनी शोधायचे; आणि शिफ्टच्या गडबडीतला माणूस असा ईमेल “नंतर पाहू” म्हणून ठेवतो, तो तसाच राहतो.

शिवाय हा ईमेल दोघे वाचणार असतात. पहिले वाचक ओळखीचे साहेब, आणि दुसरी भरती विभागातील ती व्यक्ती, जिने आपल्याला कधी पाहिलेले नाही. साहेब बहुधा नवीन काही लिहीत नाहीत. आपलाच मजकूर एका ओळीची भर घालून पुढे ढकलतात. म्हणून आपण या जागेला का योग्य आहोत हे सांगणारे वाक्य असे हवे की ते जसेच्या तसे पुढे गेले तरी अनोळखी वाचकाला कळेल.

आम्ही जाहिरात पुन्हा वाचली. मशीन शॉपमधील तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव, सीएमएम म्हणजे त्रिमितीय मोजमापाचे यंत्र चालवता येणे, आणि अंतर्गत ऑडिटची माहिती असल्यास प्राधान्य, असे तिच्यात होते. मग ईमेल असा झाला. विषयाच्या ओळीत “गुणवत्ता अभियंता पदासाठी बायोडाटा” एवढेच, आणि खाली:

“सर, नमस्कार. आपल्या कारखान्यातील गुणवत्ता अभियंता पदाची जाहिरात पाहिली. माझा बायोडाटा आपण भरती विभागाकडे पाठवू शकाल का? जाहिरातीत मशीन शॉपमधील तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएमएमचे काम मागितले आहे. मी साडेचार वर्षे तपासणीत असून पहिली दोन वर्षे आपल्या हाताखाली फर्स्ट पीस तपासणी केली आणि पुढची अडीच वर्षे सीएमएमचे प्रोग्रॅम स्वतः लिहून मोजमाप करत आहे. मी अद्याप थेट अर्ज केलेला नाही. पाठवणे सोयीचे नसेल तर निःसंकोच कळवावे.”

यातले “आपल्या हाताखाली” हे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. साहेब हमी देतील ती फक्त स्वतः पाहिलेल्या कामाची. पुढच्या अडीच वर्षांविषयी त्यांना काहीच ठाऊक नाही. पाहिलेले काम आणि नंतरचे काम वेगवेगळे सांगितले, की भरती विभागाने विचारल्यावर त्यांना अडखळावे लागत नाही. त्या तरुणाला “ऑडिटचे ज्ञान आहे” असेही घालायचे होते, पण तो ऑडिटच्या वेळी केवळ कागद काढून देत असे. ते आम्ही गाळले, कारण मुलाखतीत ती ओळ उघडी पडली असती तर साहेबांच्याही शब्दाला उणेपणा आला असता. “मेहनती, प्रामाणिक” हेही गाळले. ते प्रत्येक जण स्वतःबद्दल लिहितो.

थेट अर्जाचा उल्लेख मात्र मुद्दाम ठेवला. अनेक कारखान्यांत शिफारशीची नोंद कर्मचाऱ्यानेच संगणकावर करायची असते, आणि उमेदवाराने आधीच अर्ज भरला असेल तर ती नोंद काही ठिकाणी स्वीकारली जात नाही. त्यामुळे आधी विचारावे. पण अर्जाची मुदत जवळ आली असेल तर उत्तराची वाट न पाहता अर्ज करावा आणि तसे त्यांना कळवावे.

बायोडाटा पीडीएफ असावा, फाइलच्या नावात आपले नाव आणि पद असावे. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. ड्राइव्हची लिंक तर नकोच, कारण भरती विभागाने ती उघडली की अनेकदा समोर परवानगी मागणारी पाटी येते आणि तिथेच प्रकरण थांबते. ईमेल स्वतःच्या वैयक्तिक पत्त्यावरून जावा, सध्याच्या कंपनीच्या नव्हे. हे सांगावे लागते, कारण घाईत तेच घडते.

आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून, बायोडाटा पुन्हा जोडून, एवढेच लिहावे: “सर, मागील ईमेलची आठवण म्हणून लिहीत आहे. आपल्याला शक्य नसल्यास मी थेट अर्ज करतो.” तिसरा ईमेल पाठवू नये, आणि तोच मजकूर साहेबांच्या घरी फोन करून तर मुळीच सांगू नये.