लिंकखालची एक ओळ

(डेटा विश्लेषक पदासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अंबडच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे विश्लेषकाच्या जागेसाठी आलेले अर्ज आधी माझ्याकडे येतात. बहुतेक ईमेलांची घडण सारखीच असते. वर चार ओळींचा परिचय, सोबत बायोडेटा, आणि शेवटी दोन लिंक असतात. पहिली गिटहबवरच्या कोडच्या रिपॉझिटरीची आणि दुसरी डॅशबोर्डची. प्रत्येक लिंकखाली एक ओळ लिहिलेली असते, आणि आज मी फक्त त्या ओळीविषयी बोलणार आहे. त्या ओळीत उमेदवार नकळत एक विधान करतो, आणि ते खरे की खोटे हे तपासण्याचे साधन वरच्या लिंकमध्ये तो स्वतःच आपल्या हाती देतो. बायोडेटातील इतर कोणत्याही वाक्याची इतक्या लगेच परीक्षा होत नाही.

निफाड तालुक्यातील एका उमेदवाराचा अर्ज मी उदाहरणादाखल घेते. त्याची परवानगी घेतली आहे आणि त्याचे नाव मी सांगणार नाही. मूळ ईमेल इंग्रजीत होता. त्यातील ओळी मी मराठीत मांडते. रिपॉझिटरीखाली त्याने लिहिले होते, ‘पायथन आणि एसक्यूएल वापरून केलेला कांदा बाजारभावाचा संपूर्ण डेटा विश्लेषण प्रकल्प’. डॅशबोर्डखाली लिहिले होते, ‘लासलगावच्या तीन वर्षांच्या भावांचा परस्परसंवादी डॅशबोर्ड, दिवाळीच्या महिन्यात भाव पडतात हे यात दिसते’.

पहिल्या ओळीत साधनांची नावे आहेत, पण प्रश्न नाही. पायथन वापरले आहे हे रिपॉझिटरी उघडताच दिसते, त्यासाठी ओळ खर्च करण्याची गरज नव्हती. दुसरी ओळ मात्र मला फार आवडली, कारण तिच्यात एक निष्कर्ष होता. निष्कर्ष असला की वाचणाऱ्याला पुढे काय पाहायचे ते कळते. मी लगेच डॅशबोर्ड उघडायला गेले.

तो उघडला नाही. पडद्यावर साइन-इन करण्याची सूचना आली. पॉवर बीआयच्या वर्कस्पेसमधील अहवालाची लिंक जशीच्या तशी चिकटवली की असे होते. ती त्याच संस्थेच्या खात्याने आत गेलेल्या आणि परवानगी मिळालेल्या माणसालाच दिसते. गिटहबचे वागणे आणखी फसवे आहे. रिपॉझिटरी खासगी असेल, तर बाहेरच्या माणसाला ‘परवानगी नाही’ असे न सांगता ते सरळ `404` दाखवते, म्हणजे जणू ती वस्तू अस्तित्वातच नाही. उमेदवार स्वतः लॉग-इन केलेला असल्यामुळे त्याला दोन्ही गोष्टी व्यवस्थित दिसत राहतात, आणि म्हणूनच ही चूक त्याच्या कधीच लक्षात येत नाही. ब्राउझरची खासगी विंडो उघडून, कोणत्याही खात्यात न जाता, पाठवायच्या ईमेलमधूनच दोन्ही लिंक दाबून पाहणे हा यावरचा एकमेव भरवशाचा उपाय आहे.

आणखी एक अडचण आपल्या विद्यार्थ्यांना विशेष येते. पॉवर बीआयच्या सेवेत जीमेलसारख्या वैयक्तिक पत्त्याने नोंदणी करता येत नाही, म्हणून बरेच जण कॉलेजच्या ईमेल खात्यावर डॅशबोर्ड ठेवतात. शिक्षण संपल्यावर कॉलेजने ते खाते बंद केले की डॅशबोर्डही हाती राहत नाही. ‘पब्लिश टू वेब’ ही सोय सर्वांसाठी खुली लिंक देते, पण ती सुरू ठेवायची की नाही हे संस्थेचा प्रशासक ठरवतो, आणि तिने प्रसिद्ध केलेला अहवाल जगातील कोणालाही दिसतो. इंटर्नशिपमध्ये मिळालेली कंपनीची आकडेवारी त्यात कधीही घालू नये. सार्वजनिक आकडेवारी असेल, तर टॅब्लो पब्लिकसारखी मुळातच खुली जागा बरी.

या उमेदवाराला मी कळवले, आणि त्याने दुसऱ्या दिवशी चालणारी लिंक पाठवली. इथून खरा विषय सुरू होतो.

डॅशबोर्ड देखणा होता. महिन्यावार सरासरी भावाची रेषा होती. २०२१ मध्ये ती नोव्हेंबरात खाली जात होती, २०२२ मध्ये ऑक्टोबरात आणि २०२३ मध्ये पुन्हा नोव्हेंबरात. लक्ष्मीपूजन २०२१ मध्ये ४ नोव्हेंबरला, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला आणि २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते. म्हणजे घसरण बरोबर दिवाळीच्या मागे मागे सरकत होती. असा मेळ दिसल्यावर कोणत्याही तरुण विश्लेषकाला आपल्याला काहीतरी सापडले असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच पानावर खाली एक तक्ता होता, आणि त्यात प्रत्येक महिन्यातील सर्वांत कमी दिवसभाव दिला होता. दिवाळीच्या महिन्यात सरासरी त्या सर्वांत कमी भावाच्याही खाली होती. हे अंकगणिताने शक्य नाही. कोणत्याही संख्यांची सरासरी त्यांच्यातील सर्वांत लहान संख्येपेक्षा लहान होऊ शकत नाही. सरासरीत तक्त्याला ठाऊक नसलेल्या काही संख्या मिसळल्या आहेत, एवढे त्यावरून निश्चित झाले.

त्या संख्या कोणत्या, हे रिपॉझिटरीने सांगितले. नोटबुकात ही एक ओळ होती:

```python
daily = prices.resample("D").mean().fillna(0)
```

`resample("D")` प्रत्येक तारखेसाठी एक जागा तयार करते. ज्या दिवशी लिलाव झालाच नाही, ती जागा रिकामी राहते. `fillna(0)` ने त्या रिकाम्या जागी शून्य भरले. दिवाळीत लासलगावचे कांदा लिलाव बरेच दिवस बंद असतात, हे या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्या बंद दिवसांत कांदा शून्य रुपयांना विकला गेला, असे या ओळीने गृहीत धरले. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात सहा दिवस बाजार बंद आहे आणि उरलेल्या चोवीस दिवशी भाव क्विंटलला सारखाच १५०० रुपये आहे. खरी सरासरी १५०० येते. शून्ये धरली तर ३६,००० भागिले ३०, म्हणजे १२०० येते. भाव एका रुपयानेही हललेला नाही, तरी वीस टक्क्यांची घसरण दिसते. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक महिन्यात साधारण सारखी असल्यामुळे एरवी रेषा थोडी खाली बसते आणि डोळ्याला काही जाणवत नाही. दिवाळीत सुट्ट्या वाढल्या की खड्डा पडतो.

मला सर्वांत वाईट वाटले ते याचे की, पायथनच्या पांडाज लायब्ररीची सरासरी रिकाम्या जागा आपणहून वगळते. त्याने शेवटचा `fillna(0)` लिहिलाच नसता, तर चूक झालीच नसती. ते का लिहिले, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, रिकाम्या जागा ठेवू नयेत असं वर्गात शिकवलं होतं.” त्याचे वडील त्याच बाजारात कांदा विकतात. दिवाळीत लिलाव किती दिवस बंद असतात हे तो माझ्यापेक्षा चांगले जाणत होता, पण हे ज्ञान आपल्या कोडमध्ये आणायचे असते असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुरुस्ती त्याने स्वतः केली, आणि ती करताना दुसरा प्रश्न पुढे आला. बाजार समिती दररोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव देते, शिवाय आवक देते. सुट्टीच्या आदल्या दिवशी आवक एकदम वाढते, तर एखाद्या दिवशी मोजक्याच गाड्या येतात. हजार क्विंटल २००० रुपयांनी गेले आणि दुसऱ्या दिवशी वीस हजार क्विंटल १२०० रुपयांनी गेले, तर दोन दिवसांची साधी सरासरी १६०० येते. पण एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल केले की ती सुमारे १२३८ येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरा आकडा खरा, कारण बहुतेक माल त्याच भावाने गेला. म्हणून त्याने असे लिहिले:

```python
df["value"] = df["modal"] * df["arrival"]
g = df.groupby(df["date"].dt.to_period("M"))
monthly = g["value"].sum() / g["arrival"].sum()
```

यालाही मर्यादा आहे. सर्वसाधारण भाव म्हणजे त्या दिवशी बहुतेक व्यवहार ज्या आसपास झाले तो भाव. ती दिवसाची काटेकोर सरासरी नव्हे. त्याला आवकेने गुणून येणारी रक्कम हा अंदाजच राहतो, आणि ते रिपॉझिटरीच्या `README.md` मध्ये लिहिले पाहिजे. आवक टनात आहे की क्विंटलमध्ये, हेही तिथेच लिहावे. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर आवक टनात आणि भाव क्विंटलला असतो. भारित सरासरीत एकक दोन्हीकडे येत असल्यामुळे ते छेदले जाते, पण उलाढालीची रक्कम काढायला गेल्यास दहा पटींची चूक होते.

याहून मोठी गोष्ट वाणाची होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाळीतला उरलेला उन्हाळ कांदा आणि शेतातून नुकता निघालेला लाल कांदा एकाच बाजारात एकाच वेळी येतात. उन्हाळ कांदा महिनोन्‌महिने साठवलेला असतो आणि त्याचा शेवटचा माल बऱ्यावाईट प्रतीचा असतो. लाल कांदा ओला असतो, टिकत नाही. दोघांचे भाव वेगळे असतात. एकत्र सरासरी काढली, तर त्या दोन महिन्यांत भाव बदलला की बाजारातील मालच बदलला, हे सांगता येत नाही. त्याने दोन्ही वेगळे केले. ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीची तारीखही त्याने आलेखावर उभ्या रेषेने दाखवली, म्हणजे त्यानंतरच्या हालचालीचा दोष कोणी ऋतूला देणार नाही.

आता ओळी बदलणे भागच होते, कारण जुना निष्कर्ष उरला नव्हता. त्याला भीती वाटत होती की निष्कर्ष गेला म्हणजे प्रकल्पच गेला. माझे मत नेमके उलटे होते. नव्या ईमेलमध्ये रिपॉझिटरीखाली त्याने लिहिले, ‘लासलगावच्या दैनिक भावांवरून उन्हाळ आणि लाल कांद्याची वेगवेगळी, आवकेनुसार भारित मासिक सरासरी, बाजार बंद असलेले दिवस वगळले आहेत’. आणि डॅशबोर्डखाली लिहिले, ‘माझ्या पहिल्या आवृत्तीत दिसलेली दिवाळीतील भावघसरण बंद दिवस शून्य धरल्यामुळे आली होती, दोन्ही गणिते शेजारी शेजारी पाहता येतील’. या ओळींत साधनाचे एकही नाव नाही. तरीही पहिल्या ओळीवरून कोडमध्ये काय शोधायचे ते कळते, दुसऱ्या ओळीवरून पडद्यावर कुठे पाहायचे ते कळते, आणि दोन्ही ठिकाणी सांगितलेली गोष्ट खरोखर सापडते.

मुलाखतीत माझ्या सहकाऱ्याने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “वाण वेगळे केल्यावर नोव्हेंबरात उन्हाळ कांद्याचे किती दिवस उरतात? थोडे असतील तर त्या सरासरीला काय अर्थ?” त्याने डॅशबोर्ड उघडला आणि सरासरीच्या शेजारचा एक स्तंभ दाखवला. त्यात प्रत्येक महिन्यात त्या वाणाचा लिलाव किती दिवस झाला ते लिहिले होते, आणि जिथे दिवस दहापेक्षा कमी होते, तिथे त्याने रेषा तुटक ठेवली होती.