सपाट रेषेशेजारचा आकडा
(फोंड्यात शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘टिम्पॅनोग्रामचे सगळे प्रकार’ असा छापलाय. टिम्पॅनोग्राम म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते दाखवणारा आलेख. सगळ्या प्रकारांपर्यंत पोचायचा प्रयत्न करीन, पण माझा जीव अडकलाय तो एका आकड्यात. तो आकडा जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर छापलेला असतो आणि बहुतेक वेळा कुणी वाचत नाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

तपासणी कशी होते हे इथल्या बऱ्याच आयांनी पाहिलंय. कानाच्या तोंडाशी रबरी टोक घट्ट बसवतात आणि यंत्र २२६ हर्ट्झचा जाड, गुणगुणता आवाज सोडतं. सोबत कानातल्या हवेचा दाब २०० डेकापास्कलपासून उणे ४०० पर्यंत बदलत नेतं. पडदा किती आवाज आत घेतो आणि किती परत फेकतो, हे त्या वेळात मोजलं जातं. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की पडदा सगळ्यात मोकळा हलतो आणि रेषा वर चढते. निरोगी कानात तो डोंगर शून्याच्या आसपास येतो. त्याला ए प्रकार म्हणतात. ही अक्षरं जेम्स जर्गर या अमेरिकन ऑडिओलॉजिस्टनी १९७० साली रूढ केली.

पडद्यामागे पाणी साचलं असेल तर काय होईल? घुमटात पाणी भरून थाप मारा, कातडं दबणारच नाही. तसाच हा पडदा कुठल्याही दाबाला हलत नाही, आणि रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट जाते. हा बी प्रकार. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. कारण पडद्याला भोक असलं तरी रेषा सपाटच येते. यंत्र हवा दाबतं, ती भोकातून पलीकडे जाते, दोन्ही बाजूंचा दाब कायम सारखा राहतो, मग पडदा ताणला जाणार कसा? म्हणजे चित्र तेच, आजार वेगळा.

फरक कळतो तो शेजारच्या आकड्यावरून. स्क्रीनवर आणि कागदावर तो ECV म्हणून असतो, मिलिलिटरमध्ये. टोकापुढे किती हवा आहे, एवढंच तो सांगतो. पडदा अखंड असेल तर मोजली जाते ती फक्त कानाच्या नळीतली हवा. लहान मुलांत ती साधारण ०.४ ते १ मिलिलिटर भरते, मोठ्या माणसांत ०.६ ते दीडच्या आसपास. पडद्याला भोक असेल तर त्यात मधल्या कानाची आणि कानामागच्या हाडातल्या पोकळ्यांचीही हवा मिळते, आणि आकडा एकदम फुगतो.

आता ती गोष्ट सांगते, कारण ती मला अजून सलते. डिचोलीकडची सहा वर्षांची मुलगी. शाळेत बाईंनी मागून हाक मारली की वळत नसे. दुसरीकडे तपासणी झाली होती. रिपोर्टवर एकच ओळ : ‘दोन्ही कान बी प्रकार, मधल्या कानात पाणी.’ दोन्ही कानांत ग्रोमेट घालायचं ठरलं, चवथ झाल्यावरची तारीखही मिळाली. आई कागद घेऊन माझ्याकडे आली ती तिला एक गोष्ट पटत नव्हती म्हणून. म्हणाली, “मॅडम, विहिरीवर डोक्यावरून न्हाऊ घातलं की दुसऱ्या दिवशी हिचा डावा कान वाहतो. उजवा कधीच वाहत नाही. मग दोन्ही कानांत एकच दुखणं कसं?”

कागदावर उत्तर छापलेलं होतं. उजवा कान ०.७, डावा २.९. एवढ्याशा मुलीच्या कानाच्या नळीत २.९ मिलिलिटर हवा मावत नाही. दुर्बिणीने पाहिलं तर उजवा पडदा अखंड, मळकट पिवळा, मागे पाणी. डाव्या पडद्याच्या खालच्या भागात स्वच्छ दिसणारं भोक. ग्रोमेट म्हणजे पडद्याला चीर देऊन बसवलेली बारीक नळी. ज्या पडद्याला आधीच भोक आहे, त्याला आणखी एक पाडायला निघाले होते! यंत्राने सगळं बरोबर मोजलं होतं. एक आकडा वाचायला कितीसा वेळ लागतो? मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पुढे काय केलं? डावा कान कोरडा ठेवायचा, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, ओढ्यात डुंबणं बंद. भोक बुजवायचं की नाही आणि कधी, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नंतर ठरवायचं. उजव्याला तीन महिने मुदत दिली, कारण मुलांच्या कानातलं असं पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं. बाईंना सांगून तिला पुढच्या बाकावर बसवलं. तीन महिन्यांनी उजव्या कानात डोंगर दिसला, पण उणे १८० वर सरकलेला. हा सी प्रकार : पाणी गेलंय, मात्र घशाकडून कानाला हवा पोचवणारी नळी अजून नीट उघडत नाही.

आकडा फार लहान आला, समजा ०.२, तर ती सपाट रेषा मधल्या कानाबद्दल काहीच सांगत नाही. नळीत मळ आहे किंवा टोक नळीच्या भिंतीला टेकलंय. काढून, कानात बघून पुन्हा करायचं. आपल्याकडे पावसाळ्यात मळ पाण्याने फुगतो, तेव्हा हे हमखास होतं. आकड्यालाही मर्यादा आहे. पडद्याला भोक असूनही मधला कान पू किंवा सुजेने भरला असेल तर आकडा नेहमीसारखाच येतो. म्हणून दुर्बिणीने कान पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ग्रोमेट घातलेल्या कानात मात्र सपाट रेषा आणि मोठा आकडा ही चांगली बातमी. नळी मोकळी आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. पडद्यामागच्या बारीक हाडांच्या साखळीचं राहिलंच, घाईत सांगते.

डोंगर शून्यावर पण ठेंगणा, मोठ्या माणसात त्याची उंची ०.३ मिलिलिटरपेक्षा कमी, तो एएस प्रकार. रिकिबीसारखं शेवटचं हाड जखडलं की असं होऊ शकतं. पण तसा आजार असलेल्या कित्येकांचा आलेख अगदी सरळ ए येतो, त्यामुळे ‘आलेख ठीक, हाडं ठीक’ असं कुणी म्हटलं तर मानू नका. ऐकण्याच्या तपासणीत हवेतून आणि हाडातून ऐकण्यात किती अंतर आहे ते बघावं लागतं, शिवाय मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आकसतो का, तेही.

डोंगर अवाजवी उंच असेल तर एडी. साखळी तुटलेली असू शकते, किंवा जुनं भोक भरून पडदा तिथे पातळ, सैल झालेला असतो. डोक्याला मार लागल्यावर ऐकू कमी झालं आणि असा आलेख आला, तर आधी साखळीचा संशय घ्यायचा. आणि हाडं जखडलेली असतानाच पडदाही सैल असला तर सैल पडदाच आलेखावर दिसतो, जखडलेलं हाड त्यामागे झाकून जातं.

शेवटचं, तान्ह्या बाळांच्या आयांसाठी. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या कानाची नळी मऊ असते, २२६ हर्ट्झला तिच्या भिंतीच हलतात आणि आत पाणी असूनही छान डोंगर उमटू शकतो. तिथे १००० हर्ट्झवर तपासणी झाली का, एवढं विचारून घ्या.