एक-चौदाच्या उताऱ्यावरचे नाव

नमस्कार श्रोतेहो.

जमिनीची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम. मी वकील आहे आणि वकिलांनी जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियम 36 आहे. म्हणून इथे माझे नाव किंवा फोन नंबर मी सांगणार नाही. तपासणीत आम्ही काय पाहतो, तेवढेच सांगतो.

समजा, गोव्यातल्या डिचोली तालुक्यात 600 चौरस मीटरची जागा विकायची आहे. थोरला मुलगा एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी हक्कनोंदीचा, उतारा दाखवतो, त्यावर कब्जेदार म्हणून त्याचे एकट्याचे नाव आहे. गिऱ्हाईक विसार द्यायला निघते. इथे जरा थांबावे. एक-चौदातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, हे बरोबर. पण ती मालकीचा दस्त नव्हे.

मग आम्ही विचारतो, जागा मुळात कुणाची? वडिलांनी लग्नानंतर खरेदी केलेली. वडील वारले, मृत्युपत्र नाही. आई हयात आहे, मुलगे दोन, मुलगी एक, तिघेही विवाहित. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर साधारणपणे पतीपत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे निम्मी, 300 मीटर, आईचीच. उरलेली 300 तीन मुलांत समान, प्रत्येकी 100. या मुलांनीही लग्नाआधी तसा करार केला नसेल, तर वारशाने आलेल्या त्या 100 मीटरमध्येही जोडीदार सामाईक. म्हणून विक्रीखतावर सह्या सात लागतात: आई, तीन मुले, दोन सुना आणि जावई. "बहीण सासरी गेली, तिचा काय संबंध?" हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे! जावयाची एक सही राहिली, तरी पुढे खटला उभा राहू शकतो.

हे कळते कसे? आईवडिलांच्या लग्नाची नोंद, मुलांच्या जन्मनोंदी आणि स्पेशल नोटरीकडे केलेला वारसांचा दस्त मागून घ्यायचा. वारस कोण, एवढेच तो दस्त सांगतो. कुणाला कुठला तुकडा मिळाला, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी वाटणी हवी. नाही तर सगळ्यांनी मिळून विकायचे.

सब-रजिस्ट्रारचा बोजा नसल्याचा दाखलाही पाहतो. पण तो मागितलेल्या वर्षांपुरता आणि नोंदणी झालेल्या दस्तांपुरताच बोलतो. नोंदणी न केलेला करार त्यात दिसत नाही. म्हणून "जागा शंभर टक्के निर्वेध" असे आम्ही लिहून देत नाही. अमुक कागद पाहिले, त्यांत अमुक आढळले, असेच लिहितो.

एक-चौदात कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना असतो, तोही वाचा. मात्र मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचे नाव तिथे नसले, तरी त्याचा हक्क असू शकतो. जागेवर घर असेल, तर तिथे कोण राहते आणि किती वर्षे राहते, हे विसार देण्याआधी त्यांच्याच अंगणात उभे राहून विचारा.

नमस्कार.