मागील भागात

(दृश्य: अमळनेरजवळचं गाव. संध्याकाळ. ओट्याकडे तोंड करून ठेवलेला टीव्ही.)

भारनियमनाच्या दिवसांत आमच्या गावात मालिका रोजच्या रोज पाहायला मिळणं नशिबाचा भाग होता. ऐन वेळेला वीज जायची. दुसऱ्या दिवशी टीव्ही लागला की कुणीतरी विचारायचंच, "काल काय व्हयनं?"

शेजारच्या आक्का सांगायच्या. सून माहेरी गेली, दागिने सासूकडेच राहिले, बस. नणंदेची लग्नाची बोलणी, देवळातलं भांडण, सगळं त्या वगळायच्या. आज जे समजायला हवं, तेवढंच त्यांच्या तोंडून निघायचं. पोथीतही अध्याय उघडताना 'मागील अध्यायी' म्हणून दोन ओव्यांत कथा जोडून घेतात, कारण आज आलेला श्रोता काल असेलच असं नाही.

(दृश्य: संकलनाची खोली. पडद्यावर दृश्यांची पट्टी.)

आता मी अहिराणी वेब-मालिकांचं संकलन करतो, आणि 'मागील भागात'चा तुकडा कापताना आक्कांची आठवण होते. हा तुकडा दिसतो सगळ्यात आधी, पण तो बनवायचा सगळ्यात शेवटी. नवा भाग पूर्ण झाला की तो परक्या माणसाच्या नजरेनं पाहायचा. जिथे तो माणूस अडेल, तिथे खूण करायची. त्या खुणांपुरतीच जुनी दृश्यं शोधायची. चाळीस सेकंदांत आठ-दहा दृश्यं बसतात, त्याहून जास्त घातली तर एकही लक्षात राहत नाही.

एकदा माझी मोठी चूक झाली. सातव्या भागाच्या शेवटी दार वाजतं आणि दुसऱ्या भागात सुरतला निघून गेलेला जिभाऊ परत येतो. मधल्या चार भागांत तो कुठेच नव्हता. लोक चेहरा विसरले असतील, म्हणून मी सुरुवातीला त्याचं एसटीत चढतानाचं दृश्य टाकलं. घरी आईला भाग दाखवला. अर्ध्या मिनिटात ती म्हणाली, "म्हणजे जिभाऊ आज येणार." पुढची सगळी उत्कंठा तिथेच संपली.

या तुकड्याचा धोका हाच. जे आठवण करून देता, ते आज घडणार असं प्रेक्षक ओळखतो. आठवण करून दिली नाही, तर दारात उभा माणूस कोण हे कळत नाही.

मग मी एसटीचं दृश्य काढलं. त्याऐवजी वावराच्या वाटणीचा प्रसंग घेतला. त्यात आई आणि थोरला तावातावानं बोलतात आणि बाजूला बसून जिभाऊ कागदावर सही करतो. कान भांडणाकडे राहतात, चेहरा मात्र नजरेखालून जातो. सातव्या भागात वाटणीचा विषय होताच, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण उरलं नाही.

(दृश्य: हातातला रिमोट.)

शीर्षकाआधी थेट कथेत उडी मारणाऱ्या प्रसंगाला कोल्ड ओपन म्हणतात. त्याचं काम उलटं आहे. त्याला मागचं काही माहीत असण्याची अपेक्षा नसते. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होतो, तेव्हा बोट रिमोटवर असतं, आणि त्या बोटाला थांबवायचं असतं. १९६६ सालच्या 'स्टार ट्रेक'मध्ये चार अंकांआधी असा छोटा प्रवेश असे आणि त्याला टीझर म्हणत.

'ब्रेकिंग बॅड'च्या २००९ सालच्या दुसऱ्या पर्वात चार भाग कृष्णधवल दृश्यांनी उघडतात आणि जलतरण तलावात खेळण्यातलं एक गुलाबी अस्वल तरंगताना दिसतं. ते कुठून आलं, हे पर्वाच्या शेवटच्या भागात विमान अपघातातून उलगडतं. प्रश्न इतका लांबवता आला, कारण दर वेळी थोडं नवं दिसत गेलं. तेच दृश्य जसंच्या तसं चारदा दाखवलं असतं, तर प्रेक्षक कंटाळला असता.

आपल्याकडे टीझर म्हटलं की मात्र 'उद्याच्या भागात' डोळ्यांसमोर येतं. ते उद्याची वेळ राखून ठेवतं. पण कानाखाली वाजवल्याचं दाखवून दुसऱ्या दिवशी ते स्वप्न निघालं, असं दोन-तीनदा झालं की लोक विश्वास ठेवत नाहीत. मला हे फसवणं मान्य नाही. दाखवलेलं दृश्य त्याच अर्थानं घडलं पाहिजे.

(दृश्य: ओटा. मोबाईलभोवती बसलेली माणसं.)

सुधारलेला सातवा भाग मी आक्कांना दाखवला. आधीचे चार भाग त्यांनी पाहिलेच नव्हते. दार वाजलं, त्या पुढे सरकल्या. दार उघडलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हाऊ ते वाटणीवाला जिभाऊ!"